नवीन प्राथमिक शिक्षिकेने आधी कोणतं पुस्तक वाचावं?

नवी_बाई

नमस्कार मंडळी. पवित्र पोर्टलवरून निवड होऊन यंदा जूनमध्ये शिक्षण सेवक म्हणून रुजू झाले. पन्हाळा तालुक्यातली दोन शिक्षकी शाळा आहे. माझ्याकडे पहिली आणि दुसरी, एकाच खोलीत. पहिलीत ९ मुलं, दुसरीत १४. मी राहते कोल्हापुरातच, रोज येऊन-जाऊन करते.

डी.एल.एड.ला पियाजे, व्हिगॉत्स्की, थॉर्नडाइकची मांजर सगळं केलं, मार्कही चांगले पडले. पण वर्गात उभी राहिले की त्यातलं काही हाताशी येत नाही. मागच्या बुधवारचीच गोष्ट. दुसरीतल्या एका मुलीने फळ्यावर ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलं. मी म्हटलं, "नीट बघ." तिने वजाबाकीकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, ३५ पुसून ४५ लिहिलं, परत माझ्याकडे बघितलं. मी गप्प. मग ४५ पुसून ७९ लिहिलं, म्हणजे चक्क बेरीज करून टाकली. मला कससंच झालं. त्या मुलीला माझा चेहरा वाचता येतो, आणि मला तिची वजाबाकी वाचता येत नाही.

तर अध्यापन पद्धती आणि वर्गातल्या मुलांचं मानसशास्त्र यावर एक-दोन पुस्तकं सुचवा. मराठीत असतील तर उत्तम, हिंदीही चालेल. यादी नको. आधी काय वाचू आणि का, एवढं सांगा.

वाचनवेडा_केएमटी

तोत्तोचान! डोळे झाकून घ्या. त्यानंतर दिवास्वप्न, समरहिल, प्रिय बाई, टीचर. पाचही झाली की परत या, पुढची देतो.

यशस्वी_भव

ताई, बालमानसशास्त्र ३० पैकी २५ च्या वर न्यायचं असेल तर ठोकळा एकच धरा आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवा. पियाजेच्या चार अवस्था वयासकट पाठ पाहिजेत, त्यावर प्रश्न हमखास येतो. माझ्या नोट्स आहेत, पाठवू का?

नवी_बाई

@यशस्वी_भव, धन्यवाद, पण मी टीईटी पास झाले आहे, नोकरीही लागली. आता समोर खरी मुलं आहेत, त्यांच्यासाठी विचारते आहे. तुमच्या नोट्स माझ्या धाकट्या बहिणीला मात्र नक्की हव्यात.

गारगोटीचे_गुरुजी

बाई, मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली ११ वर्षं दोन शिक्षकी शाळेत. एकच पुस्तक सांगा म्हणाल तर गिजुभाई बधेकांचं दिवास्वप्न. मराठीत मिळतं, पातळ आहे, दोन रात्रींत संपतं.

का, ते सांगतो. त्यातला लक्ष्मीराम नावाचा मास्तर चौथीचा वर्ग मागून घेतो, प्रयोग करायला. पहिल्या दिवशी तो घरून ठरवून येतो की शांततेचा खेळ घ्यायचा. खिडक्या-दारं बंद करून मुलांना शांत बसवायचं, बारीकसारीक आवाज ऐकायला लावायचे. आणि तो खेळ पार फसतो. पोरं आवाज काढतात, दंगा करतात, शेवटी तो वर्ग सोडून देतो. रात्री बसून विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी खेळबिळ बाजूला ठेवून गोष्ट सांगायला लागतो. तिथून पोरं त्याची होतात.

मी हे वाचलं तेव्हा नोकरीला चार वर्षं झाली होती. पहिल्या पानांत मास्तर हरतो असं शिक्षणाचं पुस्तक मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकांत प्रत्येक पाठ यशस्वीच व्हायचा. इथे घरचा बेत पहिल्या तासाला मोडतो, आणि मोडल्यावर मास्तर काय करतो हे दिसतं. नव्या शिक्षकाला तेच बघायला मिळायला हवं.

पुढे गोष्टीतून तो वाचनाकडे कसा नेतो तेही बघा. गोष्ट ऐकायची चटक लागली की मगच पुस्तकं पुढे ठेवतो. आधी धडा आणि उरला वेळ तर गोष्ट, असं नाही. मी हे पाचवीला केलं होतं. रोज शेवटची वीस मिनिटं गोष्ट, आणि ऐन रंगात आली की थांबायचं. पुस्तक टेबलावर ठेवून घरी जायचं. तिसऱ्या आठवड्यात दोन पोरं शाळा सुटल्यावर खिडकीतून आत शिरली होती, पुढचं काय झालं ते वाचायला.

चिवा_चाफा

गुरुजींबद्दल आदर आहे, पण मी थोडी वेगळी बोलते. मी १६ वर्षं शिकवते आहे. पहिल्या वर्षी दिवास्वप्न वाचलं आणि महिनाभर मनाला खातच राहिलं. लक्ष्मीरामकडे एकच इयत्ता होती. वर्षभराचा प्रयोग म्हणून वरून परवानगी होती. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, केंद्राची बैठक यातलं काही त्याच्या मागे नव्हतं. शिवाय ती कल्पून लिहिलेली गोष्ट आहे. गिजुभाईंनी भावनगरला दक्षिणामूर्तीत केलेलं खरं काम त्यामागे आहे हे मान्य, पण पुस्तकातला वर्ग लेखकाच्या हातातला आहे. पुस्तक वाचून आपला वर्ग तसा झाला नाही की नवीन मुलगी स्वतःलाच दोष देते. मी दिला होता.

आपल्याच गावात लीलाताई पाटील होऊन गेल्या. निवृत्तीनंतर १९८५ साली त्यांनी इथे सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. शिक्षण देता घेता, ऐलमा पैलमा शिक्षण देवा, परिवर्तनशील शिक्षण ही त्यांची पुस्तकं. त्यात आपली मुलं आहेत, आपली भाषा आहे, आणि शिक्षकाने वर्गात काय केलं, मुलं त्यावर काय म्हणाली, हे आहे. लिहिणं मुलांचं शिकवणं शिक्षकांचं हे मी अजून दर वर्षी जूनमध्ये काढते. मुलाने लिहिलेल्या चार ओळींत शुद्धलेखनाच्या चुका मोजायच्या की ते मूल काय सांगतंय ते वाचायचं, ही नजर मला तिथून मिळाली.

गारगोटीचे_गुरुजी

चिवा चाफा बाई, मनाला खाण्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. माझ्या हाताखाली आलेल्या नव्या शिक्षकांना मी ते पुस्तक देताना हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. लीलाताईंबद्दल दुमत नाहीच.

एचआर_ते_शाळा

नमस्कार, मी कंपन्यांमध्ये आणि आता शाळांमध्ये प्रशिक्षण देतो. मानसशास्त्राचं म्हणाल तर आधी प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली ओळखा. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. वीस प्रश्नांची चाचणी असते. त्यावरून तीन गट पाडा आणि प्रत्येक गटाला त्याच्या शैलीने शिकवा. त्या मुलीला फळा जमत नसेल तर ती ऐकून शिकणारी असू शकते.

गठ्ठा_आणि_सुट्टे

मी प्राथमिक गणितावर शिक्षकांबरोबर काम करते. @एचआर_ते_शाळा, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग बरोबर आहे. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, आणि एकच गोष्ट बघून, बोलून, हाताळून शिकवली तर सगळ्यांनाच सोपी जाते. पण मुलांना तीन खोक्यांत घालून त्या त्या खोक्याप्रमाणे शिकवलं की ती जास्त शिकतात, याला आधार सापडत नाही. पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा तसा पुरेसा पुरावा मिळाला नाही. कशाने शिकवायचं हे विषयावर ठरतं. कोल्हापूरचा नकाशा सगळ्यांनी बघूनच शिकायचा आणि कविता सगळ्यांनी ऐकूनच. "ही ऐकून शिकणारी" असा शिक्का त्या मुलीवर बसला तर तिची वजाबाकी कोणी बघणारच नाही.

आता वजाबाकी. नवी बाई, ५२ वजा २७ बरोबर ३५ हे उत्तर अंदाजपंचे आलेलं नाही. एककात २ आणि ७ आहेत. तिने मोठ्यातून लहान काढला, ७ वजा २, पाच. दशकात ५ वजा २, तीन. झाले ३५. आपणच पहिलीत सांगितलेलं असतं, "मोठ्यातून लहान वजा करायचा." ती तो नियम इमानदारीने पाळते आहे, फक्त प्रत्येक घरात वेगवेगळा.

हे खरं आहे का ते तपासायला तिला शेजारी बसवून चार उदाहरणं द्या. ४६ वजा २३, ५२ वजा २७, ६० वजा ३४, ८१ वजा ७९. माझा तर्क बरोबर असेल तर पहिलं बिनहातच्याचं असल्यामुळे बरोबर येईल, २३. पुढची तिन्ही ३५, ३४ आणि १८ अशीच येतील. तशी आली तर तिच्या डोक्यात एक पक्का नियम बसलेला आहे. उत्तरं वेडीवाकडी आली, ६० वजा ३४ ला ३० आलं, तर भानगड शून्याची असू शकते. दर वेळी वेगळंच काही आलं तर ती घाबरून काहीतरी लिहिते आहे. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी हे बघा. आणि तपासताना "चूक" म्हणू नका, चेहराही शक्यतो सारखा ठेवा. "कसं केलंस सांग" एवढंच, आणि बरोबर उत्तरालाही तेच विचारा. नाहीतर बाई विचारतात म्हणजे चुकलं, हे मुलांना दोन दिवसांत कळतं.

तुमच्या प्रसंगासाठी पुस्तक जॉन होल्टचं. १९६४ साली आलं. हिंदीत एकलव्यने काढलंय, बच्चे असफल कैसे होते हैं. पाचवीच्या वर्गात बसून लिहिलेली ती रोजनिशी आहे. मुलं उत्तर शोधत नाहीत, बाईंना काय हवंय ते शोधतात, हे त्यात पानापानावर आहे. ३५, ४५, ७९ आणि तुमचा चेहरा, हे वाचताना मला तेच आठवलं.

तांबडा_पांढरा

आमच्या वेळी गुरुजी दोन छड्या द्यायचे, वजाबाकी काय भागाकार पण यायचा. एवढं लाडावायचं कशाला म्हणतो मी? पोरगं थोडं भ्यायलाच पायजे.

गारगोटीचे_गुरुजी

भावा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद केलंय, तो विषय तिथे संपतो. पण कायदा नसता तरी सांगितलं असतं. सुरुवातीच्या वर्षांत मीही छडी वापरली आहे. माराच्या भीतीने पोरगं गणिताकडे बघतच नाही, छडीकडे बघतं. या बाईंची मुलगी नुसत्या चेहऱ्याला भ्याली तर ७९ वर गेली. ज्यांना भागाकार आला ते तुम्ही आज लिहिताय. ज्यांना आला नाही त्यांनी शाळा सोडली, ते इथे लिहायला नाहीत.

तांबडा_पांढरा

हे मात्र खरं हाय. आमच्या गल्लीतले दोघं चौथीतनंच गेले. त्यांची आठवण झाली.

राजारामपुरी_आई

माझा मुलगा इंग्रजी माध्यमात तिसरीला आहे. त्याला एकोणसत्तर सांगितलं की ७९ लिहितो, सत्तावीस म्हटलं की ७२. मला वाटायचं अक्षरं उलटी दिसण्याचा काही आजार आहे. डॉक्टरांकडे नेऊ का?

गठ्ठा_आणि_सुट्टे

वाचताना अक्षरंही उलटी होत असतील तर जरूर दाखवा. पण फक्त मराठी संख्या ऐकून लिहिताना असं होत असेल तर आधी त्याच्या जागी बसून बघा. सत्तावीस म्हणताना कानावर आधी सात पडतो, मग वीस. तो ऐकलं तसं लिहितो आहे. एकोणसत्तरमध्ये तर सत्तर ऐकू येतं आणि लिहायचे असतात ६९. इंग्रजीत त्याला आधी दशक ऐकायची सवय आहे. त्याला ट्वेंटी सेव्हन सांगून बघा, २७ बरोबर लिहिलं तर अडचण संख्येची नाही, नावाची आहे.

चिवा_चाफा

म्हणूनच २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसबरोबर "वीस सात" असं वाचनही दिलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मी वर्गात दोन्ही वापरते. आधी वीस सात, काड्यांनी पक्कं झालं की सत्तावीस.

वाचनवेडा_केएमटी

मला ते अजूनही पटलेलं नाही. बाजारात गेल्यावर भाजीवाली "वीस सात" म्हणत नाही. आमच्या आजीला शाळा नव्हती, तरी एकोणनव्वद बरोबर मोजायची.

चिवा_चाफा

आजी मोजायची, लिहायची नाही. अडचण लिहिताना येते. पण यावर आपलं एकमत व्हायचं नाही. पुस्तकांकडे वळू या.

नवी_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या मुलीला शेजारी बसवून चारही उदाहरणं दिली. २३, ३५, ३४, १८. ताई, तुम्ही लिहिलंत तंतोतंत तसं! माझ्या अंगावर काटा आला.

मग मी तिला तोंडी विचारलं, "तुझ्याकडे ५२ रुपये आहेत, दुकानात २७ चं सामान घेतलंस, किती उरले?" तिने जरा वर बघितलं आणि बोटं दुमडत म्हणाली, "सत्तावीसला तीन, तीस. मग वीस, पन्नास. वर दोन. पंचवीस." तिच्या घरी छोटं दुकान आहे, संध्याकाळी ती आजीबरोबर गल्ल्यावर बसते.

मी पाटीवरचे ३५ दाखवले आणि विचारलं, मग हे कसं? ती म्हणाली, "बाई, पैशाचं तसं करतो मी. पाटीवरचं असं करायचं असतंय."

तेव्हापासून हेच वाक्य डोक्यात आहे. तिला वजाबाकी येते. शाळेतली वजाबाकी ही तिच्या लेखी वेगळीच काहीतरी वस्तू आहे. आता पुढे काय करू? आणि मी तिच्याजवळ बसते तेव्हा पहिलीची नऊ पोरं अक्षरशः बाकावर चढतात, त्यांचं काय?

गठ्ठा_आणि_सुट्टे

किती छान विचारलंत तुम्ही तिला! आता पाटी आणि पैसा एकाच जागी आणा. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी कागदाची करा, किंवा काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा. पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या काड्या. "यातल्या मला २७ दे." ती दोन गठ्ठे देईल आणि सात सुट्ट्या मागितल्या की अडेल, कारण सुट्ट्या दोनच आहेत. तिथे तुम्ही बोलू नका, थांबा. ती आपण होऊन एक गठ्ठा सोडेल. सोडला की सुट्ट्या बारा होतील, त्यातल्या सात गेल्या, पाच राहिल्या. गठ्ठे दोन राहिले. मग जे हाताने केलं ते तिनेच पाटीवर लिहायचं. ५ खोडून ४, आणि २ च्या जागी १२. "हातचा" हा शब्द आठवडाभर काढू नका, तिला "गठ्ठा सोडला" म्हणू दे.

एक आधीच सांगते. चारपाच दिवस बरोबर येईल आणि पंधरा दिवसांनी परत ३५ येईल. जुना नियम सहजासहजी जात नाही. तेव्हा पुन्हा काड्या. आणि एकदा जमलं की काही मुलं हातचा नको तिथेही गठ्ठा सोडत बसतात. म्हणून ४६ वजा २३ सारखी उदाहरणं मध्ये मध्ये पेरा. "इथे सोडायला लागेल का?" हे आधी विचारा, उत्तर नंतर. तिची दुकानातली रीत मात्र मोडू नका. सत्तावीसवरून वर चढत जाणं हीसुद्धा वजाबाकीच आहे, आणि ८१ वजा ७९ ला तर तीच सर्वांत सोपी.

गारगोटीचे_गुरुजी

पहिलीच्या नऊ जणांसाठी सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नरचं टीचर वाचा, मराठीत आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणारी बाई. ती प्रत्येक मुलाला विचारायची, तुला आज कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून द्यायची. दुसऱ्या दिवशी ज्याला तो ओळखता आला नाही, तो शब्द बाद, नवा घ्यायचा. मी केलं तेव्हा कमळ, बदक कोणी मागितलं नाही. ट्रॅक्टर, म्हस, आई, भूत असे शब्द आले. ऊसतोडीच्या पालावरचं एक पोरगं होतं, त्याने "गाव" मागितला. ट्रॅक्टर लिहायला अवघड, पण त्या पोराने दुसऱ्या दिवशी लांबूनच ओळखला.

कार्ड वाटून झाली की वीस मिनिटं आपापला शब्द चिंचोक्यांनी जमिनीवर मांडायचा, जोडीदाराला दाखवायचा. तेवढ्यात दुसरीतल्या एकीजवळ तुम्हाला बसता येतं. एकीजवळच. रोज एक धरली तर चौदा दिवसांत वर्ग पुरा होतो.

एचआर_ते_शाळा

गठ्ठा ताई, चाचणीचं मी परत तपासून बघतो. पण मुलांना हाताने करायला दिलं की जमतं, हे तर काड्यांनी दिसतंच आहे ना?

गठ्ठा_आणि_सुट्टे

दिसतं. पण ते चौदाही मुलांना द्यायचं, "हाताने शिकणाऱ्या" चौघांना नाही. आपला फरक एवढाच.

चिवा_चाफा

नवी बाई, लीलाताईंची दोन पुस्तकं माझ्याकडे आहेत, महिनाभर ठेवा. भवानी मंडपापाशी भेटू. बाकीची करवीर नगर वाचन मंदिरात आधी बघा, विकत घेण्याची घाई नको.

नवी_बाई

रविवारी सकाळी चालेल, ताई. होल्टचं हिंदी पुस्तक मागवलं आहे. टीचर त्यानंतर. दिवास्वप्न दिवाळीच्या सुट्टीत वाचेन, गुरुजी, तोवर मनाला खाण्याची भीती जरा कमी झालेली असेल.

आज दुसऱ्या मुलाजवळ बसले होते. त्यानेही ५२ वजा २७ ला ३५ च लिहिलं. मला वाटलं, तोच नियम. पण कसं केलंस विचारल्यावर म्हणाला, "बाई, शेजारचं बघून." उद्या त्याच्या हातात काड्या देते.

गठ्ठा_आणि_सुट्टे

द्या. आणि त्याआधी त्याला सत्तावीस लिहायला सांगा. काय लिहितो ते इथे कळवा.